फक्त एक पोस्ट टाक ना!

रात्री साडेनऊला शाळेतल्या मैत्रिणीचा मेसेज आला. आधी तीन फोटो, मग दोन-चार ओळी. फोटोत काचेची छोटी बाटली, तिच्यावर हिरवं लेबल, मागे कढीपत्त्याची डहाळी आणि जास्वंदीची फुलं. ‘अगं, घरून केसांच्या तेलाचं काम सुरू केलंय. तुझ्या पेजवर फक्त एक पोस्ट टाक ना. बावीस हजार लोक बघतील, माझं दुकान उभं राहील. तुझं काय जातंय!’

मी लिहिलं, ‘वा, मस्तच! बघते हं.’

हा ‘बघते’ आपल्या बोलण्यात फार सोयीचा शब्द आहे. म्हणणाऱ्याच्या मनात तो बहुतेक वेळा ‘नाही’ असतो आणि ऐकणाऱ्याच्या कानाला तो ‘हो, पण थोडा वेळ दे’ असा लागतो. माझ्या मैत्रिणीने तो तसाच ऐकला. तीन आठवड्यांनी तिच्या जावेकडून मला कळलं, की माझी पोस्ट येणार म्हणून तिने पन्नास बाटल्या जादा भरून ठेवल्या आहेत. नकार मला त्याच रात्री द्यायचा होता. तीन आठवडे लांबवल्यामुळे त्यात आता तिचे पैसे आणि घरच्यांसमोरचा तिचा शब्दही अडकला होता.

माझं पेज गच्चीवरच्या बागेचं आहे. कुंडीतले टोमॅटो, पालेभाज्या, ओल्या कचऱ्याचं खत, एवढाच त्याचा विषय. सहा वर्षं झाली. गावोगावच्या लोकांनी आपल्या आजारी रोपांचे फोटो मला पाठवावेत इतका विश्वास त्यावर जमला आहे. हा विश्वास एका पोस्टने कसा हलतो, ते मी आधी एकदा पाहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका माणसाने गांडूळखताचा व्यवसाय सुरू केला. आमचं येणं-जाणं होतं, मुलगा होतकरू होता, विषयही माझ्याच पेजचा. मी पैसे घेतले नाहीत. एक पिशवी त्याने घरी आणून दिली, मी फोटो काढला आणि ‘खात्रीचं खत’ असं लिहून टाकलं. माझ्या हातात आलेली पिशवी खरोखर चांगली होती. पोस्ट पाहून मागणी वाढली, तयार माल संपला आणि पुढच्या पिशव्यांत अर्धकच्चं शेणखत गेलं. तयार गांडूळखत काळसर, भुसभुशीत असतं आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा त्याचा वास येतो. या पिशव्या हाताला कोमट लागत होत्या, आतून पाणी सुटलं होतं, काडीकचरा ओळखू येत होता आणि तोंड उघडल्यावर नाकात झिणझिण्या येत होत्या. सातआठ वाचकांची रोपं गेली. पानांच्या कडा करपल्या, मुळं तपकिरी झाली. एका बाईंनी लिहिलं, ‘ताई, तुमच्यावर विश्वास ठेवून घेतलं होतं.’ त्या विक्रेत्याचं नावही त्यांनी घेतलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते खत माझंच होतं.

ओळखीच्या माणसाची वस्तू पेजवर टाकण्यातली खरी अडचण मला तेव्हा समजली. आपण आज जी वस्तू पाहतो, तिच्याबद्दल लिहितो. वाचक ती महिन्याभराने विकत घेतो, आणि मधल्या काळात तिचं काय झालं यावर आपला काडीचाही ताबा नसतो. अनोळखी कंपनी असती तर मी लगेच पोस्ट काढून टाकली असती आणि तसं जाहीरही केलं असतं. इथे त्या मुलाच्या आईला काय सांगू, या विचारात माझे चार दिवस गेले. त्या चार दिवसांतही पिशव्या विकल्या जात होत्या.

पुष्कळांना वाटतं की पैसे घेतले नाहीत म्हणजे ती जाहिरात नव्हे. आपल्याकडचा नियम तसं म्हणत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सोशल मीडियावर शिफारस करणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. विक्रेत्याशी आपला कोणता संबंध असेल तर तो वाचकाला सांगायलाच हवा, याची यादी तिच्यात आहे. पैसे, भेटवस्तू, सवलत, फुकट मिळालेला माल हे सगळं त्यात येतंच. पण कौटुंबिक किंवा वैयक्तिक नातंही येतं. म्हणजे शाळेतल्या मैत्रिणीचं तेल मी एक रुपयाही न घेता पेजवर टाकलं, तरी ‘ही माझी मैत्रीण आहे’ हे मला ठळकपणे लिहावं लागतं. तेही खाली हॅशटॅगच्या गर्दीत लपवून चालत नाही. शिवाय ज्याची शिफारस करायची, ते स्वतः वापरलेलं असलं पाहिजे, असंही ती मार्गदर्शिका सांगते.

यामागे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा, आणि शिफारस करणाऱ्याला एक वर्षापर्यंत अशा कामावर बंदी घालण्याचा अधिकार त्याने केंद्रीय प्राधिकरणाला दिला आहे. त्यातून सुटायला वाट एकच आहे: दावा खरा आहे की नाही, याची आपण नीट खातरजमा केली होती हे दाखवता आलं पाहिजे. बावीस हजारांच्या पेजवर उद्या कुणी नोटीस घेऊन येईल, असं मला म्हणायचं नाही. पण ‘माझी मैत्रीण आहे, ती खोटं बोलणार नाही’ ही खातरजमा होत नाही, एवढं त्यावरून कळतं.

आता त्या तेलाकडे येऊ. लेबलवर लिहिलं होतं, ‘१५ दिवसांत केसगळती बंद. टकलावरही नवे केस.’ सोबत एका ग्राहक बाईंचे आधीचे आणि नंतरचे फोटो होते. आधीच्या फोटोत भांग रुंद झालेला, नंतरच्या फोटोत भरलेला. मी सहज विचारलं तेव्हा कळलं, की त्या बाईंचं बाळंतपण होऊन तेव्हा चार महिने झाले होते. बाळंतपणानंतर, मोठ्या तापानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभस गळतात आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेकांचे आपोआप परत येतात. त्या काळात डोक्याला जे लावलेलं असेल त्याला श्रेय मिळतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे पंधरा दिवसांत अर्ध्या सेंटिमीटरपलीकडे काही दिसणारच नाही. मी ते तेल प्रामाणिकपणे वापरून पाहायचं ठरवलं असतं, तरी काही बोलण्यासारखं व्हायला तीन-चार महिने लागले असते. राहिला टकलाचा दावा. टक्कल घालवतो असं तर परवाना असलेल्या औषधालाही म्हणता येत नाही. १९४५ च्या औषध नियमांच्या परिशिष्टात ज्या दुखण्यांवर असे दावे करायला मनाई आहे, त्यांत टक्कल आहे.

आणखी एक गोष्ट लेबलवर नव्हती. केसांचं तेल विकायचं तर ते सौंदर्यप्रसाधनात मोडतं, आणि ते बनवायला परवाना लागतो. घरच्या स्वयंपाकघरात बनवलं म्हणून त्यातून सूट नाही. बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख हवी. या बाटलीवर फक्त मोबाइल नंबर होता.

इतकी कारणं हाताशी आल्यावर सगळ्यात सोपं काय वाटतं? परवान्याचं कारण पुढे करावं. ‘अगं, परवाना नाही ना, म्हणून नाही टाकत.’ मी तेच म्हणणार होते. फोन हातात घेतल्यावर थांबले, कारण हे कारण खरं असलं तरी पुरं नव्हतं. दुरुस्त होण्यासारखं कारण दिलं, की समोरचा माणूस ते दुरुस्त करून परत येतो. तिने खर्च करून परवाना काढला असता, लेबल बदललं असतं आणि ‘आता टाक’ म्हणून उभी राहिली असती. तेव्हा पुन्हा नाही म्हटलं असतं तर मी खोटी ठरले असते, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. ‘सध्या वेळ नाही’, ‘दिवाळीनंतर बघू’, ‘पेजची पोहोच सध्या कमी आहे’, ही सगळी याच जातीची कारणं. ती दिवाळीनंतर संपतात, आणि दिवाळीनंतर मैत्रीण आठवणीने फोन करते.

म्हणून नकाराचं कारण वस्तूवर टेकवू नये, पेजच्या नियमावर टेकवावं, आणि तो नियम खरा असावा. खताच्या प्रकरणानंतर माझा नियम झालाच होता: ओळखीच्या कुणाचीही विकाऊ वस्तू पेजवर घ्यायची नाही, चांगली असली तरी नाही. आता तो तिला तोंडी सांगायचा होता. मेसेजवर सांगायचं नाही, हे मी ठरवलं होतं. मेसेजमधला नकार माणूस दहा वेळा वाचतो, दर वेळी तो जास्त कोरडा लागतो, आणि त्याचा स्क्रीनशॉट शाळेच्या ग्रुपवर जायला वेळ लागत नाही.

फोन केला. हालहवाल झाल्यावर लगेच विषय काढला.

“तेलाच्या पोस्टबद्दल बोलायचंय. ती मी टाकणार नाही. तीन आठवड्यांपूर्वीच सांगायला हवं होतं, तेव्हा ‘बघते’ म्हणाले ते माझं चुकलं.”

थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “का गं? तेल आवडलं नाही का?”

“तेल मी अजून वापरलेलंच नाही. ओळखीच्या कुणाचीच वस्तू मी पेजवर घेत नाही. एकदा घेतली होती, त्यात लोकांचं नुकसान झालं. तेव्हापासून सख्ख्या भावाचीही घेत नाही.”

“अगं, पण मी काय कुणी परकी आहे का?”

“नाहीस, म्हणून तर फोन केला.”

यानंतर जे होतं ते जवळपास प्रत्येक वेळी होतं, म्हणून तयारी असावी. मागणी लहान होत जाते. ती म्हणाली, “बरं, पोस्ट नको, स्टोरी टाक. चोवीस तासांत जाते.” मी म्हटलं, “स्टोरीही नाही.” “मग माझ्या पोस्टवर एक कमेंट तरी? मी वापरलंय, छान आहे, एवढंच.” कमेंट सगळ्यांत वाईट, कारण ती उघडउघड खोटी झाली असती. पण तसं न म्हणता मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं: पेजच्या नावाने मी विकाऊ वस्तूबद्दल काही लिहीत नाही. इथे नवीन कारण शोधू नये. प्रत्येक नवीन कारण म्हणजे वाद घालायला नवीन जागा. स्टोरीला हो म्हटलं असतं तर नियमच उरला नसता, कारण वाचकाला पोस्ट काय नि स्टोरी काय, नाव माझंच दिसतं. आणि हे एका मैत्रिणीला केलेलं दुसरीला दिसतं. शाळेच्या ग्रुपवर आम्ही एक्केचाळीस जणी आहोत. त्यांत एकीचं लोणचं आहे, एकीच्या पैठण्या आहेत आणि दोघी विमा विकतात.

“बरं,” म्हणून तिने फोन ठेवला. आवाज पडलेला होता. त्या दिवशी परवान्याचं मी एका शब्दानेही काढलं नाही.

ते काढलं तीन दिवसांनी, तिच्या घरी जाऊन. नकार आणि वस्तूतला दोष या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या, की दोष ही नकाराची सबब वाटते आणि कुणी ती मनावर घेत नाही. नकार पोचल्यावर, पोस्टचा विषय संपल्यावर, तोच दोष मैत्रिणीची काळजी म्हणून ऐकला जातो. मी पूर्ण किंमत देऊन एक बाटली घेतली, लेबल तिच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, “टकलाची ओळ आजच्या आज काढ. कुणी तक्रार केली तर पहिली अडचणीत तू येशील.” परवान्याचं तिला खरंच माहीत नव्हतं. यूट्यूबवरच्या ज्या व्हिडिओवरून ती तेल शिकली, त्यात ते कुणी सांगितलं नव्हतं. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात काय विचारायचं ते आम्ही कागदावर लिहून काढलं. परवाना असलेल्या एखाद्या लहान कारखान्याकडून आपल्या नावाने तेल बनवून घेता येतं, तेही तिला सांगितलं. दुपारभर बसून तिच्या बाटल्यांचे खिडकीजवळच्या उजेडात चांगले फोटो काढले, कारण मला ते काम येतं. माझ्या पेजपेक्षा हे तिच्या जास्त उपयोगाचं होतं, असं मला मनापासून वाटतं. बागेसाठी माझ्याकडे येणारे बावीस हजार लोक केसांचं तेल शोधत नसतात. त्यांतले हजारेक जण पोस्ट पाहतील, पाचदहा जण विचारतील, आणि दुसऱ्या दिवशी ती पोस्ट खाली गेलेली असेल.

तरीही ती रुसली. महिनाभर ग्रुपवर माझ्या कुठल्याच गोष्टीला तिने उत्तर दिलं नाही. नकार कितीही नीट दिला तरी हे होऊ शकतं, आणि ते होऊ द्यावं. त्या महिन्यात मनवायला म्हणून एखादी स्टोरी टाकण्याचा मोह होतो. टाकली असती, तर पुढच्या प्रत्येक नकारानंतर रुसायचं असतं हे आम्ही दोघी शिकलो असतो.

एका तांत्रिक गोष्टीकडे लक्ष ठेवायला हवं. नकारानंतर काही जण सरळ तुमच्या पेजला आपल्या पोस्टमध्ये टॅग करतात, किंवा इन्स्टाग्रामवर कोलॅब पोस्टचं निमंत्रण पाठवतात. हे निमंत्रण चुकून स्वीकारलं गेलं, तर ती पोस्ट तुमच्याही पेजवर तुमच्या नावानिशी दिसू लागते. टॅगचं सेटिंग Tags and mentions मध्ये जाऊन Manually approve tags असं करून ठेवलं, तर तुम्ही मान्यता दिल्याशिवाय टॅग केलेलं तुमच्या पेजवर दिसत नाही. माझ्या मैत्रिणीने असं काही केलं नाही. एका दूरच्या भाच्याने मात्र केलं होतं. मी टॅग काढला आणि त्यालाही फोनच केला.

अवघड जागा अजून एक आहे. तेल माझ्या विषयाबाहेरचं होतं. पण गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनींनी मातीच्या कुंड्या विकायला सुरुवात केली. कुंड्या उत्तम आहेत, खाली निचऱ्याला तीन भोकं आहेत, किंमतही रास्त आहे. त्यांना नाही म्हणताना मला खरोखर वाईट वाटलं. ‘हा माझा विषय नाही’ असं म्हणणाऱ्याला इथे बोलायला तोंड राहिलं नसतं; नियम ओळखीचा होता, म्हणून टिकला. वहिनींना सांगितलं, पेजवर कुंडी कशी निवडायची हे मी लिहीन, तुमचं नाव घेणार नाही. त्या लेखातलं भोकांचं माप आणि भाजलेल्या कुंडीवर टिचकी मारून ऐकायचा खणखणीत आवाज वहिनींनी स्वतः आपल्या ग्राहकांना दाखवला, आणि तो लेख छापून दुकानात लावला. त्याला माझी हरकत असण्याचं कारण नव्हतं.

आता पेजच्या अगदी वर मी दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत: ‘या पेजवर जाहिरात घेतली जात नाही. नातेवाईक आणि मित्रमैत्रिणींचीही नाही.’ तेव्हापासून विचारणारे कमी झाले, आणि जे विचारतात ते आधीच ‘तू घेत नाहीस ते माहितीये’ म्हणून सुरुवात करतात.

मैत्रिणीने टकलाची ओळ काढली. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आली तेव्हा तेलाचा विषय तिनेच काढला. एका परवानाधारक कारखान्याशी बोलणं चाललंय म्हणाली. पोस्टचं नाव तिने काढलं नाही.

तुमच्या फोनमध्येही अशी एखादी विनंती ‘बघतो’ किंवा ‘बघते’ या उत्तराखाली पडून असेल, तर आज संध्याकाळी फोन करा. तिकडे कुणीतरी तुमच्या भरवशावर बाटल्या भरत असेल.